वटवाघळाचा आवाज आणि दोन हंडे

कोकणातल्या आमच्या घराच्या कौलांखाली लहान वटवाघळांची वस्ती आहे. दिवेलागण झाली की वाशाच्या फटीतून ती एकेक करून निसटतात आणि अंगणावर घिरट्या घालत किडे टिपतात. आपल्याला जाणवते ती फक्त पंखांची हलकी फडफड. खरं तर ती सतत ओरडत असतात आणि त्या ओरडण्याच्या प्रतिध्वनीवरून किडा नेमका कुठे आहे ते ओळखतात. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. कीटक खाणाऱ्या वटवाघळांचे बहुतेक आवाज त्याच्या वर, २० ते १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. हा न ऐकू येणारा आवाज छोट्या पडद्यावर पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं एक यंत्र मी गेल्या वर्षी बनवायला घेतलं. त्यातला एकच भाग इथे सांगायचा आहे. आवाज मायक्रोफोनमधून मेमरीत कसा पोचतो, आणि ती ने-आण प्रोसेसरच्या डोक्यावरून कशी उतरवायची, एवढाच.

मायक्रोफोन आपल्याला देतो तो व्होल्टेजचा चढउतार. एडीसी नावाचा भाग ठरावीक क्षणी तो व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करतो. अशी एक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. १०० किलोहर्ट्झचा आवाज नीट पकडायचा तर सेकंदाला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त सॅम्पल घ्यावे लागतात. मी अडीच लाख ठरवले. म्हणजे दर ४ मायक्रोसेकंदाला एक.

बोर्ड घेतला तो ‘ब्लू पिल’. विद्यार्थ्यांच्या हातात सर्रास दिसणारा, बोटाएवढ्या लांबीचा हा निळा बोर्ड. त्यावर एसटीएम३२एफ१०३ ही चिप असते. तिच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ७ कोटी २० लाख ठोके देतं, मेमरी मात्र जेमतेम २० किलोबाइट. तिचा एडीसी १२ बिटांचा आहे, म्हणून प्रत्येक सॅम्पल ० ते ४०९५ यांच्यातला एक आकडा असतो. व्होल्टेज दोन्ही बाजूंना हलायला जागा हवी, म्हणून मायक्रोफोनचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या बरोबर मध्यावर बसवलेला आहे. त्यामुळे पूर्ण शांतता असली की एडीसी २०४८च्या आसपासचे आकडे देतो. हा २०४८ लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

आता साधा हिशेब करू. ७ कोटी २० लाख ठोक्यांना अडीच लाखांनी भागलं की दोन सॅम्पलच्या मध्ये प्रोसेसरला २८८ ठोके मिळतात. प्रत्येक वेळी एडीसीकडे बघत ‘झालं का, झालं का’ विचारत बसलं तर हे सगळे २८८ ठोके त्या वाट बघण्यातच जातात. आकडे गोळा होतात, पण त्यांचं काही करायला वेळ उरत नाही.

त्याहून बरा मार्ग इंटरप्टचा. एडीसीचं काम झालं की तो प्रोसेसरला हाक मारतो. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, आकडा उचलून मेमरीत टाकतो आणि परत पहिल्या कामाकडे वळतो. या प्रोसेसरला हातातलं काम ठेवायला किमान १२ ठोके लागतात, परत उचलायलाही जवळपास तेवढेच. मधलं आकडा उचलणं, तो कुठे ठेवायचा ते बघणं आणि जागा एकाने पुढे सरकवणं धरलं तर एका सॅम्पलमागे साठ-सत्तर ठोके सहज जातात. म्हणजे प्रोसेसरचा जवळपास पाव भाग नुसती हमाली करतो.

पण माझ्या मते त्यातली मोठी अडचण ही हमाली नाहीच. दुसरं एखादं काम, समजा यूएसबीचा इंटरप्ट, ४ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं, तर तेवढ्यात एडीसी पुढचा आकडा तयार करतो आणि तो आधीच्या आकड्यावर लिहितो. आधीचा सॅम्पल गेला. या चिपच्या एडीसीला ‘एक आकडा उचलायचा राहून गेला’ असं सांगणारी खूणही नाही. याच घराण्यातल्या पुढच्या एफ४ चिपमध्ये ती आहे. त्यामुळे मेमरीतल्या रांगेत मोकळी जागा दिसत नाही. आकडे एकमेकांना खेटून उभे असतात आणि मधला एक कधी गळाला हे कुणालाच कळत नाही.

इथे डीएमए येतो. डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत जाणं. ज्यांनी डिप्लोमाला ८०८५ शिकला असेल त्यांना ८२५७ नावाची चिप आठवेल. परीक्षेत तिची आकृती काढावी लागायची. १९८१च्या आयबीएम पीसीत तिचीच पुढची बहीण, ८२३७, फ्लॉपीवरचा डेटा मेमरीत नेऊन ठेवत असे. ब्लू पिलवर ही वेगळी चिप उरलेली नाही. एसटीएम३२च्या पोटातच सात चॅनेलचा डीएमए बसवलेला आहे आणि पहिल्या एडीसीचा आकडा उचलण्याचं काम त्यातल्या पहिल्या चॅनेलकडे जातं. हे नातं चिपमध्ये कायमचं जोडलेलं आहे. दुसरा चॅनेल घेऊन कितीही प्रयत्न केला तरी एडीसीची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

डीएमएला सुरुवातीला चार गोष्टी सांगाव्या लागतात. आकडा कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा, किती ठेवायचे आणि संपले की काय करायचं. त्यानंतर प्रोसेसर त्या वाटेला जात नाही.

```c
volatile uint16_t buf[2048];

DMA1_Channel1->CPAR  = (uint32_t)&ADC1->DR;
DMA1_Channel1->CMAR  = (uint32_t)buf;
DMA1_Channel1->CNDTR = 2048;
DMA1_Channel1->CCR   = DMA_CCR_MINC | DMA_CCR_CIRC
                     | DMA_CCR_PSIZE_0 | DMA_CCR_MSIZE_0
                     | DMA_CCR_PL
                     | DMA_CCR_HTIE | DMA_CCR_TCIE;
DMA1_Channel1->CCR  |= DMA_CCR_EN;
```

पहिली ओळ मेमरीत २०४८ आकड्यांची जागा राखते. तिलाच बफर म्हणायचं. `CPAR` म्हणजे उचलण्याची जागा, `CMAR` म्हणजे ठेवण्याची. `MINC` सांगतं की दर वेळी ठेवण्याची जागा एकाने पुढे सरकव, आणि `CIRC` सांगतं की शेवटाला पोचलास की पुन्हा पहिल्या जागेवर ये, थांबू नकोस. `PSIZE` आणि `MSIZE` यांनी प्रत्येक आकडा १६ बिटांचा ठरतो, तर `PL`ने या चॅनेलला सर्वांत वरचा मान मिळतो.

सॅम्पल कधी घ्यायचा हेही प्रोसेसरने सांगायचं नाही. त्यासाठी एक टायमर ० ते २८७ मोजत राहतो आणि दर फेरीला एडीसीला चिमटा काढतो. २८८ ठोके, म्हणजे बरोबर ४ मायक्रोसेकंद. एडीसीला एक मोजणी पुरी करायला मी निवडलेल्या मांडणीत सव्वादोन मायक्रोसेकंदही लागत नाहीत, त्यामुळे पुढच्या चिमट्याआधी तो मोकळा असतो. टायमर, एडीसी आणि डीएमए ही तीन हार्डवेअरची माणसं आपसात हे काम उरकतात. टायमर न लावता एडीसीला आपल्याच गतीने सतत पळत ठेवता येतं, पण मग सेकंदाला साडेचार लाखांहून जास्त असा आडनिडा वेग मिळतो. आणि कुठल्या पट्टीला किती किलोहर्ट्झ म्हणायचं हे सगळं या वेगावर अवलंबून असतं. टायमर लावणं फार सोपं आहे. तो टाळू नये.

आता बफर भरत राहील, पण वाचायचा कधी? इथे मला गिरगावातल्या चाळीतला सकाळचा नळ आठवतो. पाणी तासभरच यायचं आणि त्या तासात नळ एकदाही बंद करायचा नाही. म्हणून हंडे दोन. एक तोटीखाली भरत असतो तोवर दुसरा आत नेऊन पिंपात ओतायचा आणि पहिला काठोकाठ होण्याआधी रिकामा घेऊन परत यायचं. डीएमएचा बफर याच रीतीने वापरतात. २०४८ जागांचे दोन अर्धे धरायचे. पहिला अर्धा भरला की डीएमए प्रोसेसरला एक हाक मारतो. कोडमधला `HTIE` त्यासाठीच आहे. तो स्वतः न थांबता दुसऱ्या अर्ध्याकडे वळतो. दुसरा भरला की `TCIE`ने दुसरी हाक, आणि तो पुन्हा पहिल्यावर. एका अर्ध्यात १०२४ सॅम्पल, म्हणजे ४.०९६ मिलिसेकंदांचा आवाज. प्रोसेसरला सेकंदाला अडीच लाख हाका येत होत्या, त्या आता २४४ येतात. मघाचीच पाव भागाची हमाली प्रोसेसरच्या वेळेच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही खाली येते.

डीएमए अगदी फुकट काम करतो असं मात्र नाही. मेमरीकडे जाणारा रस्ता एकच आहे आणि त्यावरून आता दोघं ये-जा करतात. प्रत्येक सॅम्पलमागे काही ठोके डीएमए त्या रस्त्यावर असतो आणि त्याच क्षणी प्रोसेसरलाही मेमरीत जायचं असेल तर त्याला किंचित थांबावं लागतं. चिपच्या रचनेत आळीपाळीने वाट देण्याची सोय आहे, म्हणून प्रोसेसरला निम्मा रस्ता तरी मिळतोच. या वेगाला ते थांबणं जाणवत नाही.

आता दोन चुका सांगतो. दोन्ही माझ्या टेबलावर घडल्या आणि दोन्ही फार जणांच्या होतात.

पहिली चूक भाचा सुट्टीत आला होता तेव्हाची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने स्वतःच्या बोर्डवर हेच लिहायला घेतलं. दुपारी म्हणाला, “मामा, मी वटवाघळं मोजायचा एक काउंटर ठेवलाय. त्याला कुठेच हात लावलेला नाही, तरी तो आपोआप २०५१ होतोय. मधेच २०४६.” काउंटर कोण बदलतंय हे पकडायला त्याने डीबगरमध्ये पहारा लावला होता: या जागेवर कुणी लिहिलं की थांब. डीबगर एकदाही थांबला नाही, आकडा मात्र बदलत राहिला. तासभर तो कम्पायलरवर संशय घेत होता.

ते आकडे बघितले की चोर ओळखता येतो. २०५१, २०४६ हे शांततेचे आकडे आहेत. काउंटरच्या जागी एडीसीचे सॅम्पल येऊन पडत होते. त्याने `CNDTR`मध्ये २०४८ लिहिण्याऐवजी `sizeof(buf)` लिहिलं होतं. `sizeof` बाइट मोजतं आणि एक सॅम्पल दोन बाइटांचा, म्हणून उत्तर आलं ४०९६. `CNDTR`ला हवी असते सॅम्पलची संख्या. डीएमएने प्रामाणिकपणे ४०९६ सॅम्पल ठेवले: निम्मे बफरमध्ये, निम्मे बफरच्या पलीकडे, जिथे काउंटर आणि आणखी काय काय राहत होतं. पहारा का फसला तेही समजून घेण्यासारखं आहे. या प्रोसेसरमधला पहारेकरी प्रोसेसरच्या स्वतःच्या हालचाली बघतो. डीएमए दुसऱ्या दाराने येतो, तो त्याला दिसतच नाही. म्हणून कुणीच न लिहिलेला आकडा आपोआप बदलताना दिसला की आधी डीएमएची लांबी तपासावी.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती शोधायला जास्त दिवस लागले.

१०२४ सॅम्पलचा अर्धा बफर हातात आला की प्रोसेसर त्यातल्या वेगवेगळ्या पट्ट्या वेगळ्या काढतो. या गणिताला एफएफटी म्हणतात. त्याला किती वेळ लागतो हे बघायला मी गणित सुरू होताना एक पिन वर नेली, संपल्यावर खाली आणली आणि ऑसिलोस्कोपचं टोक त्या पिनला लावलं. दर ४.०९६ मिलिसेकंदांनी एक चौकोनी उंचवटा, सुमारे अडीच मिलिसेकंद रुंद. म्हणजे दीड मिलिसेकंदापेक्षा जास्त वेळ शिल्लक. मी खूश होतो. पण पडद्यावर मधूनच सगळ्या पट्ट्या एकदम फुगायच्या, जणू कुणी टाळी वाजवली असावी. अंगणात तर चिटपाखरू नव्हतं.

शंका आली की बफरात काही गडबड असावी. म्हणून मायक्रोफोन काढून तिथे सिग्नल जनरेटर जोडला आणि एकच स्वच्छ सूर दिला. निवडला ३१.२५ किलोहर्ट्झ, कारण त्याचं एक आवर्तन बरोबर आठ सॅम्पलचं होतं आणि हिशेब सोपा राहतो. तासभर बघत बसलो. पडद्यावर एकच सडपातळ पट्टी, हलली नाही की फुगली नाही. म्हणजे बफर ठीक आहे असं मी ठरवलं आणि पुढचे दोन दिवस ॲम्प्लिफायर, वायर आणि बॅटरी यांच्यामागे घालवले.

चूक त्या सुराच्या निवडीतच होती. प्रोसेसर उशिरा पोचला तर एकाच अर्ध्यात काही आकडे नवे आणि काही बफराच्या आधीच्या फेरीतले, असं मिश्रण त्याच्या हाती लागतं. नव्या-जुन्याच्या त्या सांध्यापाशी लाट तुटलेली असायला हवी. पण ३१.२५ किलोहर्ट्झच्या लाटेची २०४८ सॅम्पलमध्ये बरोबर २५६ आवर्तनं बसतात. एक फेरी उलटल्यावर त्याच जागी लाटेचा अगदी तोच भाग येतो. जुना आकडा आणि नवा आकडा सारखेच, त्यामुळे सांधा दिसतच नाही. मग सूर ४० किलोहर्ट्झ केला. त्याची २०४८ सॅम्पलमध्ये ३२७.६८ आवर्तनं होतात. ते उरलेलं ०.६८ सांध्यापाशी लाटेला झटका देतं आणि झटका बसला की एका पट्टीतली ताकद आजूबाजूच्या पट्ट्यांत सांडते. दहा सेकंदांत पडदा फुगताना दिसला. बफर तपासायचा सूर त्यात पूर्ण आवर्तनांनी न बसणारा हवा, हे त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

प्रोसेसरला उशीर कशाने होत होता, ते ऑसिलोस्कोपवर थोडा वेळ सलग बघितल्यावर दिसलं. उंचवटे एका तालात येता येता मध्येच मोठी सपाट जागा येत होती, साधारण २३ मिलिसेकंदांची. हा पडद्याचा वेळ. १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या पडद्याचं एक चित्र म्हणजे १०२४ बाइट. आयटूसीच्या दोन तारांवर एका बाइटमागे ९ ठोके लागतात आणि तिथलं घड्याळ सेकंदाला ४ लाखांचं. गुणाकार-भागाकार केला की उत्तर २३ मिलिसेकंद. तेवढा वेळ माझा प्रोसेसर एकेक बाइट तारेवर ढकलत उभा होता. हंड्याच्या भाषेत सांगायचं तर पाच-सहा हंडे भरून वाहिले, आणि परत आल्यावर हाती लागलेला हंडा कधी अर्धवट नव्या पाण्याचा असे.

चित्र तुकड्यातुकड्याने पाठवायचा विचार केला, पण १२८ बाइटांच्या एका पट्टीलाही २.९ मिलिसेकंद लागतात. एफएफटीचे अडीच त्यात मिळवले की ४.०९६ची मर्यादा ओलांडते. शेवटी पडद्याचं कामही डीएमएलाच दिलं. आयटूसीवर पाठवण्यासाठी सहावा चॅनेल आहे. तो सावकाश २३ मिलिसेकंद घेत बाइट पाठवत राहतो. पहिल्या चॅनेलला वरचा मान दिलेला असल्यामुळे एडीसीची हाक आली की पडद्याचा बाइट क्षणभर थांबतो. सपाट जागा नाहीशी झाली.

तरी एक पहारा मी कायमचा ठेवला आहे. डीएमएची प्रत्येक हाक आली की इंटरप्टमध्ये एक आकडा एकाने वाढतो. मुख्य प्रोग्राम अर्धा बफर हाती घेताना तो आकडा टिपून ठेवतो आणि गणित संपल्यावर पुन्हा बघतो. मधल्या वेळात आकडा वाढला असेल तर त्याचा अर्थ दुसरा अर्धाही भरला आणि डीएमए परत या अर्ध्यावर लिहू लागला. अशा वेळी आलेलं उत्तर फेकून द्यायचं आणि किती वेळा फेकलं ते पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचं. गेले चार महिने त्या कोपऱ्यात शून्य आहे.

पुढची इच्छा साहजिक होती. नुसतं बघण्याऐवजी हे आवाज मेमरी कार्डावर साठवून ठेवायचे. इथे मात्र ब्लू पिलची हद्द संपते. अडीच लाख सॅम्पल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ५ लाख बाइट. कार्डाचा सरासरी वेग त्याला पुरतो, पण कार्ड मधूनच आपल्या आतल्या आवराआवरीसाठी ‘थांबा’ म्हणतं, आणि लिहिताना २५० मिलिसेकंदांपर्यंत थांबवण्याची मुभा त्याच्या नियमातच आहे. तेवढ्या वेळात १,२५,००० बाइट येऊन पडतात. ब्लू पिलची सगळीच्या सगळी मेमरी बफरला दिली तरी २० किलोबाइट म्हणजे ४१ मिलिसेकंद.

म्हणून आता टेबलावर एसटीएम३२एफ४०७ची चिप आहे. तिची मेमरी १९२ किलोबाइट, ऐकायला भरपूर. पण त्यातले ६४ किलोबाइट प्रोसेसरच्या खास खोलीत आहेत. तिथे जायला डीएमएला दारच नाही. बफर चुकून त्या खोलीत ठेवला तर डीएमए काहीही आणून ठेवू शकत नाही. उरतात १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट. त्यातून १,२५,००० वजा जाता ६,०७२ राहतात. प्रोसेसरचे सगळे चल, एफएफटीची कोष्टकं, पडद्याचं चित्र तयार करण्याची जागा, असं जे काही डीएमएला लागत नाही ते मी आता एकेक करून त्या खास खोलीत हलवतो आहे.